चिक्कीचे माप आणि वड्यांचा हिशेब

शेंगदाण्याची चिक्की कोणाला ठाऊक नाही? लोणावळ्याच्या स्टेशनावर ती विकायला येते. जत्रेत मिळते, वाण्याच्या बरणीत असते. घरी करायची म्हटली तर दोनच जिनसा लागतात, दाणे आणि गूळ. तरीही घरची चिक्की कधी दगडासारखी कडक होते, कधी हातात घेताच दाणे सुटे होऊन पडतात. आणि करायला घेतल्या पन्नास वड्या, तर हाती येतात चाळीस.

असे का होते? आम्ही एकदा फजिती होऊन हे शिकलो. तीच हकिगत आधी सांगतो.

दहा मुले मागे राहिली

जानेवारीचा महिना होता. २६ तारखेला झेंडावंदनानंतर शाळेतल्या मुलांना खाऊ वाटायचा होता. मुले होती ५०. वाडीतल्या बायकांच्या बचत गटाने चिक्की करून द्यायचे कबूल केले. दर मुलाला एक वडी, आणि दर वडी २० ग्रॅमची, असे ठरले. त्या कामात आम्हीही होतो.

आक्का म्हणाल्या, "पन्नास वड्या, वीस वीस ग्रॅमच्या. म्हंजे किती झालं?"

वहिनींनी पाटीवर गुणाकार केला. ५० गुणिले २०, झाले १००० ग्रॅम. म्हणजे बरोबर एक किलो.

"मग अर्धा किलो दाणे आन् अर्धा किलो गूळ आणू. झालं की एक किलो!"

हिशेब सरळ दिसत होता. आम्हालाही त्यात चूक दिसली नाही. दाणे भाजले, सोलले. गुळाचा पाक केला, दाणे त्यात घातले. परात पालथी घालून तिला तूप लावले आणि वर चिक्की लाटली. ३६ सेंटिमीटर रुंदीची छान गोल पोळी झाली. गरम होती तोवर सुरीने वड्या पाडल्या.

मोजल्या, तर चौकोनी आणि पुऱ्या अशा वड्या भरल्या फक्त ४०! बाकीचे सारे कडेचे तुकडे. कोणता तिकोनी, कोणता चिंचोळा, कोणता नुसता चुरा. शाळेत चाळीस मुलांना वडी मिळाली आणि दहा मुलांच्या हातावर तुकडे ठेवावे लागले. वरून एक मुलगा म्हणाला, "लई कडक आहे, चावतच नाही." आक्का घरी परत येईपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तराजू घेऊन बसलो. दहा वड्या गेल्या कुठे, याचा शोध घ्यायचा होता.

वजन कुठे गेले?

पुन्हा तेवढेच सामान घेतले आणि या वेळी प्रत्येक पायरीला तोलून पाहिले.

पहिली घट दाण्यांत झाली. कच्चे दाणे ५०० ग्रॅम होते. भाजल्यावर त्यातले पाणी उडून गेले. साल चोळून पाखडून टाकली. किडके, काळे दाणे वेचून काढले. मग तोलले, तर उरले ४५० ग्रॅम. म्हणजे दहा भागांतला एक भाग गेला.

दुसरी घट गुळात झाली. गूळ कोरडा दिसतो, पण त्याच्याही अंगात थोडे पाणी असते. पाक कडक होईपर्यंत ते उडून जाते. शिवाय थोडा पाक कढईला, उलथन्याला आणि लाटण्याला चिकटून बसतो. तो काही खरवडून पुरा निघत नाही. ५०० ग्रॅम गुळातला ४४० ग्रॅमच चिक्कीत उतरला.

आता बेरीज करा. ४५० आणि ४४० मिळून झाले ८९० ग्रॅम. एक किलो सामान घेतले, पण एक किलो चिक्की झाली नाही. ११० ग्रॅम वाटेतच गेले.

"आन् बाकीचं?" वहिनींनी विचारले. "आठशे नव्वद ग्रॅमच्या वीस वीसच्या वड्या केल्या तरी चव्वेचाळीस व्हायला पायजेत. झाल्या चाळीस."

बाकीचे गेले गोल पोळीत. गोल भाकरीतून चौकोनी तुकडे काढायला बसा, कडेला तिकोनी तुकडे राहणारच. चिक्कीचेही तसेच झाले. वर आणखी एक गंमत अशी, की पोळी थोडी पातळ लाटली गेली होती. त्यामुळे ज्या चाळीस वड्या निघाल्या त्याही २० ग्रॅमच्या नव्हत्या, साडेसतरा ग्रॅमच्या आसपास होत्या. चाळीस वड्या मिळून ७०० ग्रॅम भरल्या. उरलेले १९० ग्रॅम कडेच्या तुकड्यांत गेले.

तुकडे वाया जात नाहीत हे खरे. घरी ते खाता येतात. पण मोजून द्यायचा किंवा विकायचा माल असेल, तर तुकडा म्हणजे वडी नव्हे.

कडक का झाली?

आता दुसरे गाऱ्हाणे. चिक्की चावत का नव्हती?

आम्ही म्हणत होतो की दाणे आणि गूळ सारखे घेतले. पण सोललेले दाणे होते ४५० ग्रॅम आणि गूळ घातला ५०० ग्रॅम. म्हणजे गूळच जास्त झाला. गुळाचा पाक थंड झाला की काचेसारखा होतो. दोन दाण्यांच्या मधे त्याचा पातळ थर असला तर तो दाताखाली सहज फुटतो. जाड थर असला तर दात दुखतो.

उलट गूळ फार कमी घातला तर काय होते? समजा ४०० ग्रॅम दाण्यांना २०० ग्रॅमच गूळ घेतला. मग पाक सगळ्या दाण्यांना पुरत नाही. काही दाणे कोरडेच राहतात. वडी उचलली की ती मोडते आणि दाणे घरंगळतात.

म्हणून मधले माप धरावे. आम्ही करून पाहिले, त्यात सर्वांत बरे ठरले ते हे: दाणे ४ भाग, गूळ ३ भाग. म्हणजे ४०० ग्रॅम दाण्यांना ३०० ग्रॅम गूळ. यात दोन गोष्टी विसरू नका. दाणे भाजून, सोलून, पाखडून मग तोलायचे. आणि माप वजनाचे आहे, वाटीचे नाही.

वाटीने का फसायला होते तेही पाहा. आम्ही एकच वाटी दोनदा भरून तोलली. सोललेले दाणे भरले १५० ग्रॅम. चिरलेला गूळ दाबून भरला, तर भरला १८० ग्रॅम. वाटी तीच, पण वजन निराळे. दाण्यांच्या मधे हवेची पोकळी राहते, गूळ मात्र दाबून बसतो. घरात तराजू नसेल तर दोन वाट्या दाण्यांना सव्वा वाटी दाबलेला गूळ घ्या. हे माप चारास तीनच्या जवळ येते.

हे माप अख्ख्या किंवा अर्ध्या केलेल्या दाण्यांचे आहे. दाण्यांचा जाडसर कूट करून चिक्की केली तर गूळ जास्त लागतो, जवळजवळ दाण्याइतकाच. कारण उघड आहे. एका दाण्याचे दहा तुकडे केले की पाक लावायच्या बाजू वाढतात. एक भिंत सारवायला जेवढे शेण लागते, त्याहून दहा खोल्या सारवायला जास्त लागणारच.

ट्रे मोजा, म्हणजे वड्या कळतील

भाऊजींनी पत्र्याचा एक चौकोनी ट्रे आणला. आतून मोजला. लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी २५ सेंटिमीटर आणि काठ १ सेंटिमीटर उंच. काठाची उंची फार उपयोगी पडते. लाटणे दोन्ही काठांवर टेकून फिरवले की चिक्की सगळीकडे सारखी, एक सेंटिमीटर जाडीची होते. कुठे जाड, कुठे पातळ होत नाही.

आता वडी किती मोठी ठेवायची? आम्ही ५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद ठरवली. ४० सेंटिमीटरच्या बाजूवर ४-४ सेंटिमीटरच्या १० वड्या बसतात. २५ सेंटिमीटरच्या बाजूवर ५-५ सेंटिमीटरच्या ५ वड्या बसतात. १० पाचे ५०. झाल्या पन्नास वड्या, आणि कडेला एकही तुकडा उरला नाही!

ही युक्ती ध्यानात ठेवा. वडीचे माप असे निवडा की ट्रेची लांबी आणि रुंदी त्याने बरोबर भागली जाईल. बाकी उरली की तेवढी पट्टी तुकड्यांत गेली.

आता एका वडीचे वजन किती? चिक्की तोलून पाहता आम्हाला एक सोपी गोष्ट सापडली. १ सेंटिमीटर लांब, १ रुंद आणि १ उंच एवढा चिक्कीचा तुकडा साधारण १ ग्रॅम भरतो. म्हणून ५ गुणिले ४ गुणिले १, म्हणजे २० ग्रॅमची वडी. आणि पुरा ट्रे ४० गुणिले २५ गुणिले १, म्हणजे १००० ग्रॅम. ट्रेमध्ये एक किलो चिक्की मावते.

पाकात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर चिक्की खुसखुशीत होते, पण थोडी फुगते. मग ट्रे भरलेला दिसतो आणि वजन कमी भरते. तेव्हा सोडा घालणार असाल तर हा हिशेब डोळे मिटून धरू नका, एकदा तोलून पाहा.

सामान किती आणावे?

पहिल्या वेळी आम्ही सामानापासून सुरुवात केली आणि वड्यांवर आलो. म्हणून फसलो. हिशेब उलटा करावा. आधी वड्या, मग सामान.

आपल्याला तयार चिक्की हवी १००० ग्रॅम. चारास तीन हे माप धरले आणि गुळातली घट सोडली, तर तयार चिक्कीत दहा भागांत ६ भाग दाणे आणि ४ भाग गूळ राहतो. म्हणजे ६०० ग्रॅम दाणे आणि ४०० ग्रॅम गूळ.

४०० ग्रॅम गूळ चिक्कीत उतरायला ४५० ग्रॅम घ्यावा लागतो. ५० ग्रॅम उडण्या-चिकटण्यात जातो. ६०० ग्रॅम सोललेले दाणे मिळायला ६७० ग्रॅम कच्चे दाणे आणावे लागतात. म्हणून वाण्याकडे सांगायचे ते असे:

कच्चे दाणे: ६७० ग्रॅम
गूळ: ४५० ग्रॅम

सामान एकूण झाले ११२० ग्रॅम आणि चिक्की झाली १००० ग्रॅम. हिशेब करताना ही घट आधीच धरली, तर ऐन वेळी पंचाईत होत नाही.

गूळ घेताना वाण्याला 'चिक्कीचा गूळ' असे नाव घेऊन मागा. तो चिवट असतो. त्याचा पाक कडक होतो आणि चकाकतो. साध्या गुळाची चिक्की पुष्कळदा रवाळ किंवा मऊ होते. मग माप बरोबर असूनही वड्या मोडतात.

दाणे निवडताना एक काळजी घ्या. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे फेकून द्या. बुरशीचे विष भाजल्याने जात नाही. चार दाण्यांचा लोभ धरून मुलांच्या पोटात ते घालू नये.

करण्याची रीत

दाणे मंद आचेवर भाजा. साल तडकू लागली आणि आतला दाणा बदामी झाला की उतरवा. निवल्यावर फडक्यात चोळून साल काढा, सुपात पाखडा आणि मग तोला. दाणे अर्धे झाले तर चांगलेच, वडी सपाट बसते.

पाक करण्याआधी ट्रेला, लाटण्याला आणि सुरीला तूप लावून ठेवा. पाक तयार झाल्यावर मग तूप शोधायला वेळ मिळत नाही.

कढईत गूळ आणि दोन-तीन चमचे पाणी घाला. आच मंद ठेवा. गूळ विरघळेल, मग फेस येईल, मग पाक दाट होईल. आता एका वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाका. थेंब मऊ राहिला, ताणला तर लांबला, तर पाक कच्चा आहे. अजून थोडे ढवळा आणि पुन्हा पाहा. थेंब कडक होऊन बोटांत मोडताना कट्‌ असा आवाज आला, म्हणजे पाक झाला. इथे घाई केली तर चिक्की दाताला चिकटते. उशीर केला तर पाक काळा पडतो, करपल्याचा वास येतो आणि चव कडू लागते. हे काही क्षणांचे काम आहे. म्हणून पाक दाट झाल्यावर दर अर्ध्या मिनिटाला थेंब पाहत जा.

पाक झाला की एक चमचा तूप घाला आणि लगेच दाणे टाका. दाणे थंडगार असले तर पाक त्यांच्यावर तिथल्या तिथे थिजतो आणि गोळे होतात. म्हणून दाणे आधी कोमट करून घ्यावेत. भराभर ढवळून सगळे ट्रेमध्ये ओता. तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने कोपऱ्यांपर्यंत दाबा. कोपरे रिकामे राहिले तर चार वड्या तिथेच गेल्या समजा. मग काठांवर लाटणे फिरवा.

चिक्की गरम असतानाच फूटपट्टी धरून सुरीने रेघा पाडा. थंड झाल्यावर याच रेघांवर वड्या सहज मोडतात. उशीर होऊन चिक्की थिजली तर जोर लावू नका, वेड्यावाकड्या मोडतील. ट्रे खालून मंद आचेवर क्षणभर गरम करा, म्हणजे सुरी पुन्हा चालते.

वड्या पुऱ्या थंड झाल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. डबा उघडा राहिला तर वड्या चिकट होतात आणि एकमेकींना धरून बसतात.

दुसऱ्या वेळी काय झाले?

पुढच्या आठवड्यात आक्कांनीच सांगितले, "पोरांचं देणं राह्यलंय. दहा जणांचं." आम्ही ट्रे घेऊन बसलो. ६७० ग्रॅम दाणे आणि ४५० ग्रॅम गूळ. आठ वर्षांच्या नातीने फूटपट्टी धरली आणि वहिनींनी रेघा पाडल्या.

वड्या निघाल्या ५०. त्यांतल्या दोन मोडताना तुटल्या. चांगल्या राहिल्या ४८. ट्रेमध्ये ५० मावतात म्हणून ५० कबूल करू नयेत, हे त्या दिवशी कळले. एका ट्रेमागे दोन वड्या मोडीच्या धराव्यात. कोणाला ५० हव्या असतील तर थोडे सामान जास्त घेऊन एका लहान ताटलीत चार वड्या वेगळ्या कराव्यात.

पहिल्या वेळी तुकडे मिळालेल्या दहा मुलांना आक्कांनी स्वतः एकेक पुरी वडी दिली. कडक आहे म्हणणाऱ्या मुलालाही एक दिली. त्याने ती तिथेच कडाकडा खाल्ली. उरलेल्या ३७ वड्या गटाने बाजारात विकल्या.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "चिक्की थोडी पातळ लाटली तर तेवढ्यातच साठ वड्या निघतील न्हाई का?" निघतील. पण त्यासाठी मोठा ट्रे लागेल आणि वडी २० ग्रॅमची राहणार नाही, जेमतेम साडेसोळा ग्रॅमची होईल. आकडा वाढला तरी चिक्की तेवढीच. वीस ग्रॅम सांगून साडेसोळा देणे बरे नव्हे. वडी लहान करायची असेल तर तसे सांगून करावी.

ध्यानात ठेवा

१. दाणे ४ भाग, गूळ ३ भाग. दाणे सोलून मग तोलायचे.
२. कच्च्या दाण्यांत दहातला एक भाग घटतो.
३. ट्रेची लांबी गुणिले रुंदी करा. चिक्की १ सेंटिमीटर जाड असेल तर जो आकडा येईल, साधारण तेवढे ग्रॅम चिक्की.
४. एका ट्रेमागे दोन वड्या मोडीच्या सोडा.

आता तुम्ही हिशेब करा

तुमच्या घरचा ट्रे आतून ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे. चिक्की १ सेंटिमीटर जाड करायची आहे. वडी ५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद ठेवायची आहे. वड्या किती निघतील? कच्चे दाणे किती आणाल? गूळ किती आणाल?

आधी पाटीवर करा, मग खाली पाहा.

उत्तर: ३० गुणिले २० म्हणजे ६००. चिक्की ६०० ग्रॅम होईल. ३० सेंटिमीटरच्या बाजूवर ५-५ च्या ६ वड्या आणि २० सेंटिमीटरच्या बाजूवर ४-४ च्या ५ वड्या. ६ पाचे ३०. वड्या ३०, पण कबूल कराव्यात २८. सोललेले दाणे लागतील ३६० ग्रॅम, त्यासाठी कच्चे आणावेत ४०० ग्रॅम. गूळ २७० ग्रॅम.